मदत हवी आहे: बाबांचा आयफोन लांबून चालवता येईल का?

मी नाशिक रोडला, बाबा सिन्नरला. आईच्या अँड्रॉइडवर एनीडेस्कच्या प्लगिनला ॲक्सेसिबिलिटीची परवानगी दिली आहे, त्यामुळे इथून बटणंही दाबता येतात. बाबांच्या आयफोन ११ वर तेच ॲप फक्त स्क्रीन दाखवतं. ॲपल दुसऱ्या ॲपला स्क्रीन प्रक्षेपित करू देतं, स्पर्श करू देत नाही, हे कळलं. मग फोनवर "वरचं निळं बटण, बाबा" म्हणत बसायचं, आणि त्यांना तर बारीक अक्षर दिसत नाही.

आयओएस १८ पासून फेसटाइममध्ये समोरच्याचा फोन चालवायची सोय आहे. बाबांचा फोन अपडेटेड आहे. माझा अँड्रॉइड, पण बायकोचा आयपॅड आहे. जेलब्रेक नको. आयपॅडवरून कुणी असं केलंय का? दर वेळी बाबांनाच परवानगी द्यावी लागते का?