घडांऐवजी बाळ्या: चूक एप्रिल-जूनमध्ये शोधा

> "गोडी छाटणीनंतर फुटी जोमदार आल्या, पण घड कमी, बाळ्याच जास्त. कात्री चुकीच्या डोळ्यावर लागली का?"

कात्री कुठे लागली हे पाहाच, पण द्राक्षाचा घड ऑक्टोबरातल्या गोडी छाटणीच्या वेळी तयार होत नसतो. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर साधारण 40 ते 60 दिवसांत डोळ्याच्या आत त्याचा निर्णय होतो. तिथला कोवळा पेशीपुंज घडही होऊ शकतो आणि बाळी, म्हणजे आधाराला गुंडाळणारा तंतूही. काडीवर ऊन पडलं आणि मुळांकडून सायटोकायनिन हे संजीवक पोचलं तर घड बनतो. दाट सावली, ढगाळ हवा किंवा जास्त नत्रामुळे वाढ पळत राहिली, की जिबरेलिन या दुसऱ्या संजीवकाचं पारडं जड होतं आणि बाळी बनते. तुमच्या फुटी जोमदार आहेत, म्हणून मला याचीच शंका येते.

थॉमसन या जातीत आम्ही सातव्या पानावर शेंडा मारून बगलफूट पुढे वाढवतो, म्हणजे सबकेन करतो. शेंडा गेला की वाढ काही काळ थांबते, अन्न काडीतच साठतं आणि शेंडा मारला तिथल्या गाठीजवळचे डोळे भरतात. गोडी छाटणीत गाठीच्या वर एक-दोन डोळे राखून काप घेतो. पण मे-जूनमध्ये फुटींची विरळणी झाली नसेल, तर सबकेन असूनही डोळे चपटेच राहतात. माझ्या बागेत बांधावरच्या कडुलिंबाच्या सावलीतल्या दोन ओळींत दरवर्षी हेच दिसायचं. फांद्या उतरवल्यावर तिथेही घड येऊ लागले.

पुढच्या वेळी छाटणीच्या आठवडाभर आधी वेगवेगळ्या भागांतल्या काड्या प्रयोगशाळेत डोळे तपासायला द्या. घड कितव्या डोळ्यात आहे ते कळतं, काप तिथेच घेता येतो.