प्रति: कॅटलॉग वाढवला, तरी कॉल नाही

>"४,००० एसकेयूंचे ११,००० केले हे रेझ्युमेत सगळ्यात वर लिहिलंय, तरी मुलाखतीचा कॉल येत नाही."

त्या वाढलेल्या ७,००० एसकेयूंपैकी, म्हणजे कॅटलॉगमधल्या वेगवेगळ्या वस्तूंपैकी, गेल्या ९० दिवसांत एकदा तरी विकले गेले किती? मुलाखत घेताना मी हेच आधी विचारतो. रंग-साइझचे व्हेरिएंट टाकूनही आकडा फुगतो, हे आम्हालाही माहीत असतं.

मार्जिनचंही तसंच. जीएसटी सोडून ५०० ला विकलेला स्टीलचा डबा ३०० ला घेतला, की लोक सरळ ४० टक्के लिहितात. कमिशन-शिपिंगचे ११०, जाहिरात आणि रिटर्नचे ५० गेले की उरतात ४०, म्हणजे ८ टक्के. माझ्या सप्लायरने भाव सोडला नाही, पण न खपलेला माल ६० दिवसांनी परत घ्यायला तयार झाला. मी माझ्या रेझ्युमेत ती ओळ टाकली, आणि मुलाखतीत अर्धा वेळ त्यावरच गेला.