विषय: साबुदाणा खिचडीचा गोळा होतोय, भिजवण्यात चुकतंय का?

केतकी:
नमस्कार मंडळी,
आषाढी एकादशीला मंडळात चाळीस जणांची खिचडी करायची आहे. त्याआधी अर्धा किलोची करून पाहिली, तर कढईत सगळा गोळा झाला. बाहेरून खळ आणि चावलं तर मध्ये कचकचीत पांढरा दाणा. वेळ कमी होता म्हणून गरम पाण्यात तासभर भिजवला होता, पाणी दाण्यांच्या वर चांगलं दोन बोटं होतं. पाकिटावर तर १५ मिनिटं उकळा असंच छापलंय! साबुदाणाच खराब आहे का?

सुहास:
केतकी, तूप कमी पडलं असणार. अर्धा किलोला निदान वाटीभर तूप घाल, दाण्याला दाणा चिकटणारच नाही. भिजवण्याचं एवढं काही नसतं.

विद्याकाकू:
केतकी, साबुदाण्याला दोष देण्याआधी पाणी बघू. गरम पाण्यात दाण्याचा बाहेरचा थर शिजतो आणि त्याची खळ होते. ती खळ पाण्याला आत जाऊ देत नाही, म्हणून बाहेर चिकट आणि आत कच्चं असं दोन्ही एकदम झालं. त्यामुळे घाई असली तरी साधं गारच पाणी घ्यायचं.

भिजवण्याआधी धुणं महत्त्वाचं. दाणे एकमेकांवर घासून त्यांचं पीठ सुटलेलं असतं आणि कढईत तेच आधी खळीसारखं चिकटतं. हलक्या हाताने तीन-चार पाण्यांतून काढ. चोळू नकोस, नाहीतर नवीन पीठ सुटेल. पाणी दुधासारखं यायचं थांबलं की पुरे. मग पाच मिनिटं चाळणीत निथळत ठेव.

आता पाणी किती. "बोटभर वर" हे माप मला पटत नाही, कारण ते भांड्यावर ठरतं. उभ्या डब्यात बोटभर म्हणजे थोडंच पाणी, पण परातीत तेच बोट दोन-तीन वाट्या जास्तीचं पाणी घालतं. साबुदाणा मिळेल तेवढं पाणी पीत राहतो, पोटभर झालं म्हणून थांबत नाही. म्हणून वाटीने मोज. धुऊन निथळलेल्या १ वाटी साबुदाण्याला (वाटी कोरड्या दाण्याची) पाऊण वाटी पाणी. झाकून पाच-सहा तास ठेव, मध्ये एकदा खालचे दाणे हलकेच वर आण. शेवटी भांड्याच्या तळाशी पाणी दिसता कामा नये.

झाला की नाही ते बोटांनी बघायचं. वरचा एक आणि तळचा एक दाणा चिमटीत दाब. दोन्ही लोण्यासारखे सपाट झाले पाहिजेत. मध्ये टोचलं तर दोन चमचे पाणी शिंपडून अर्धा तास झाकून ठेव. दाबताच बोटाला लगदा लागला तर पाणी जास्त झालंय. मग सुती कापडावर पातळ पसरून अर्धा-पाऊण तास वारा लागू दे.

सुहास, तूप उपयोगी आहेच, दाण्यावर त्याचा थर बसतो. पण भिजताना पाणी जास्त झालं असेल तर वाटीभर तुपाने फक्त तुपकट गोळा मिळतो.

श्रीकांत:
माझे साबुदाणा वडे तेलात फुटतात, त्यालाही हेच लागू आहे का? मी तर मुद्दाम एकदम कोरडा, मोकळा भिजवतो.

विद्याकाकू:
श्रीकांत, तिथे उलट आहे. वड्यात दाणे एकमेकांना धरून राहायला हवेत, म्हणून किंचित ओलसर साबुदाणा आणि नीट कुस्करलेला बटाटा चालतो. फुटतात ते बहुतेक अर्धे कच्चे राहिलेल्या दाण्यांमुळे. पण केतकीच्या प्रश्नात वडे मिसळायला नकोत.

मंगेश:
पाकिटावर "उकळा" लिहिलंय तर तिथेच शंका घ्यायला हवी. आपल्या भारतीय दुकानात मिळणारा साबुदाणा गोळ्या वळल्यावर तापवून किंवा वाफवून मग वाळवतात, त्यामुळे बाहेरचा थर पक्का झालेला असतो आणि तो गार पाण्यात टिकतो. इथे परदेशातल्या सुपरमार्केटमधले काही टॅपिओकाचे मोती तसे नसतात. ते गार पाण्यात विरघळून जातात, म्हणून थेट उकळत्या पाण्यात घालायला सांगतात. खीर किंवा पुडिंगला ठीक, खिचडीला नाही.

चाचणी सोपी आहे: एक चमचा दाणे वाटीभर गार पाण्यात २० मिनिटं ठेवायचे. पाणी थोडं धुरकट झालं तर हरकत नाही. दाण्यांचा आकारच गेला तर ते पाकीट खिरीला ठेवायचं. आणि तो बारीक, काचेसारखा नायलॉन साबुदाणा चिवड्याला तळायचा असतो, तोही यात नको.

केतकी:
चाचणी केली. दाणे शाबूत राहिले, म्हणजे चूक माझ्या गरम पाण्याचीच. विद्याकाकू, कढईतलंही सांगाल का? आणि चाळीस जणांना किती घेऊ?

विद्याकाकू:
सोबत काकडीची कोशिंबीर, दही आणि फळं असतील तर अडीच किलो साबुदाणा पुरावा. नुसती खिचडीच असेल तर तीन. किलोला अर्धा किलो भाजलेल्या दाण्यांचं कूट, जरा भरड. अगदी बारीक दळलं तर दाण्यांना तेल सुटतं आणि तेही चिकटतं.

कूट, मीठ आणि साखर भिजलेल्या साबुदाण्याला आधीच, कढईत टाकण्यापूर्वी, हलक्या हाताने लावून ठेव. कूट वरचा ओलावा टिपून घेतं आणि दोन दाण्यांच्या मधे बसतं. माझ्या मते भिजवण्याच्या खालोखाल हीच गोष्ट, आणि घाईत नेमकी हीच राहते.

एका वेळी अर्धा किलोच्या वर करू नकोस, म्हणजे तुझे पाच-सहा घाणे होतील. मोठ्या पातेल्यात रास घातली की खालचे दाणे वरच्यांच्या वजनाने आणि वाफेने दबतात. पसरट कढईत सहा टेबलस्पून तूप, जिरे, मिरच्या, मग उकडलेल्या बटाट्याच्या फोडी. साबुदाणा घालून मध्यम आचेवर उलथन्याने तळातून वर परत, सारखं ढवळत बसू नकोस. दाणे पांढऱ्याचे काचेसारखे व्हायला लागले की दोन मिनिटं झाकण, त्याहून जास्त नाही, कारण झाकणाचं पाणी परत खालीच पडतं. निम्म्याहून जास्त दाणे पारदर्शक झाले की आच बंद. उरलेले अंगच्या उष्णतेने होतात. सगळे पारदर्शक व्हायची वाट पाहिलीस तर पुन्हा गोळा! लिंबू ताटात वाढताना.

सुहास:
बरं, तुपाचं मान्य. पण अडीच किलो भिजवायचा तर रात्रीच घालावा ना, फ्रिजमध्ये?

मंगेश:
फ्रिजमध्ये खूप सावकाश भिजतो, सकाळी बाहेर काढून तासभर तरी ठेवावा लागतो. मी रात्री बाहेरच ठेवतो.

विद्याकाकू:
उन्हाळ्यात बाहेर आंबूस वास येतो, मी फ्रिजमध्येच ठेवते. पण अडीच किलो एकाच पातेल्यात नको, तळाचा दबतो. तीन-चार पसरट भांड्यांत वाटून भिजव.

केतकी:
धन्यवाद. निम्मा रात्री बाहेर आणि निम्मा फ्रिजमध्ये ठेवून बघते, कुठला जास्त मोकळा होतो ते कळवीन. कोथिंबीर घालायची की नाही? आमच्याकडे उपासाला चालते, पण सगळ्यांना चालेल का?

श्रीकांत:
आमच्याकडे नाही चालत. वेगळ्या वाटीत ठेवा.