मदत हवी आहे: संचालक मंडळाच्या सभेचा अजेंडा तपासून द्याल का?

मलप्रभाकाठ

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातल्या एका छोट्या पतसंस्थेत मी नुकतंच सेक्रेटरीचं काम हाती घेतलंय. या महिन्याची संचालक मंडळाची सभा रविवारी दुपारी ३ ते ५ आहे. संचालक ९. त्यातले तिघे कणकुंबी-जांबोटीच्या बाजूचे. पावसाचे दिवस आहेत, त्यामुळे पाचच्या गाडीला ते उठतातच, आणि त्यांना बसा म्हणणंही बरोबर नाही.

आधीच्या वहीतला नमुना घेऊन असा कच्चा अजेंडा केलाय:

१. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे – १० मिनिटे
२. जूनअखेर जमाखर्चास मंजुरी देणे – १० मिनिटे
३. नवीन कर्ज मागणी अर्जांवर विचार करणे (७ अर्ज) – २० मिनिटे
४. संगणक सॉफ्टवेअर बदलणेबाबत – १५ मिनिटे
५. ऑडिट रिपोर्टचे वाचन करणे – २० मिनिटे
६. थकबाकीबाबत विचार करणे – २० मिनिटे
७. वार्षिक सभेबाबत – १५ मिनिटे
८. मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय – १० मिनिटे

बेरीज बरोबर १२० येते, तरी मनाला पटत नाही. नोटिशीसोबत फक्त मागचं इतिवृत्त जोडणार आहे. काय चुकतंय ते मोकळेपणाने सांगा. नोटीस काढायला अजून वेळ आहे.

निपाणीकर_ताई

आमच्या बचत गटाची बैठक पण अशीच लांबते. आम्ही वीस जणी, हप्ते गोळा करण्यातच तास जातो, मग कर्ज कोणाला द्यायचं हे घाईत ठरतं. हप्ते आधीच्या दिवशी गोळा करून ठेवले तर चालेल का? कोणी सांगाल का?

वकील_काका

वार्षिक सभेची नोटीस सगळ्या सभासदांना मुदतीत पोचली पाहिजे, त्यात हयगय नको. अहवाल आणि ताळेबंद जोडा. कोरम भरला नाही तर सभा तहकूब करून पुन्हा घ्यायची, ते पोटनियमात बघून घ्या.

मलप्रभाकाठ

काका, धन्यवाद. पण ही वार्षिक सभा नाही, संचालकांची मासिक सभा आहे. वार्षिक सभा सप्टेंबरात आहे, तिची तयारी हा यातला एक विषय.

ताई, हप्ते आधी गोळा केले तर वेळ नक्की वाचेल. फक्त घेतानाच प्रत्येकीच्या पासबुकावर सही व्हायला हवी, असं मला वाटतं.

टिळकवाडी_जुना

सोपं आहे. सगळी कागदं व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका, थकबाकीदारांच्या यादीसकट. वाचून या म्हणावं. सभेत वाचन बंद. अर्धा वेळ तिथंच वाचेल.

सहकारातला_माणूस

मी पस्तीसेक वर्षं सहकारी संस्थांच्या सभांना बसलोय, आता निवृत्त आहे. सेक्रेटरी साहेब, आधी इतिवृत्ताची वही उघडा आणि मागच्या तीन सभांत ‘पुढील सभेत ठेवणे’ हा शेरा कुठल्या विषयांपुढे आलाय ते सांगा. सभा प्रत्यक्ष किती वाजता सुरू झाली आणि किती वाजता संपली, तेही सांगा. त्याशिवाय मिनिटांवर बोलणं हवेतलं होईल.

मलप्रभाकाठ

वही बघितली. ऑडिट रिपोर्ट दोनदा पुढे ढकललाय. थकबाकीवर मागच्या सभेत पाऊण तासाच्या वर चर्चा झाली असं शिपाईमामा सांगतात, पण ठराव एका ओळीचा आहे: ‘वसुलीचे प्रयत्न वाढवावेत.’ सुरुवात सव्वातीनच्या आत कधीच झालेली नाही. कोरमसाठी थांबावं लागतं.

सहकारातला_माणूस

मग उत्तर त्यातच आहे. तुमच्याकडे १२० मिनिटं नाहीत. जमायला आणि सह्यांना दहा-पंधरा जातात, शेवटची दहा मोकळी ठेवायला हवीत. हातात राहतात शंभराच्या आतबाहेर, आणि तुम्ही १२० पुरती वाटून टाकलीत.

आता एकेका विषयाला किती लागेल ते बोलणाऱ्या माणसांवरून काढा. थकबाकीवर नऊचे नऊ संचालक बोलणार, कारण प्रत्येकाच्या गावचं कोणीतरी यादीत आहे. माणशी दोन मिनिटं धरली तरी १८. तुम्ही परिस्थिती मांडायला ५ आणि ठराव शब्दांत आणून वाचून दाखवायला ५. हे २८ झाले आणि कोणी वाद घातला नाही असं धरून झाले. म्हणून ३५ ठेवा. तुम्ही २० ठेवलीत, शिवाय सहाव्या क्रमांकावर. तोवर सव्वाचार-साडेचार झालेले असणार आणि कणकुंबीकडच्यांचं लक्ष घड्याळाकडे. वसुलीचा ठराव त्यांच्या मागे झाला तर पुढच्या सभेत तोच विषय उकरून निघतो.

दुसरी गोष्ट, ‘विचार करणे’ लिहिलं की विचारच होतो. सभा उठताना काय ठरलेलं असायला हवं, ते विषयात लिहा. तुमच्या थकबाकीचे आकडे टाका, कोणाचं नाव नको. मी एक विषय लिहून दाखवतो.

मलप्रभाकाठ

थकीत खाती ९. त्यातल्या ४ जणांचा ऊस आहे, बिल आलं की भरतो असं म्हणतात. ३ जणांनी नोटीस घेऊनही उत्तर दिलेलं नाही. २ खात्यांत कर्जदार वारलेत, वारसांशी बोलणं चालू आहे. आणि यादी बघताना आजच लक्षात आलं, नवीन सात अर्जदारांपैकी एक जण या थकीत खात्यांपैकी एकाला जामीन आहे.

सहकारातला_माणूस

बघा, ही शेवटची ओळच क्रम ठरवते. थकबाकी आधी, नवीन कर्ज नंतर. उलट केलंत तर चार वाजता त्या अर्जदाराला कर्ज मंजूर होईल आणि साडेचारला कळेल की त्याच्यावरच जामिनकीची वसुली काढायची आहे.

विषय असा लिहा: ‘थकीत ९ खात्यांबाबत ठरविणे : (अ) नोटिशीस उत्तर न देणाऱ्या ३ खात्यांवर वसुली दावा दाखल करावा काय, (आ) ऊस बिलावर अवलंबून असलेल्या ४ खात्यांना मुदत द्यावी काय, दिल्यास कोणत्या तारखेपर्यंत व कोणत्या लेखी हमीवर, (इ) मयत कर्जदारांच्या २ खात्यांत वारसांशी बोलणी कोणी करावी.’ यात ‘प्रयत्न वाढवावेत’ असा ठराव लिहायला जागाच उरत नाही.

कर्जाचे सात अर्ज २० मिनिटांत म्हणजे अर्जाला तीन मिनिटंही नाहीत. पण सातही सारखे नसणार. कागदपत्रं पूर्ण, जामीन ठीक, रक्कम मर्यादेत, असे किती?

मलप्रभाकाठ

पाच. सहावा जामिनकीवाला. सातव्याच्या उताऱ्यावर भावाचं नाव आहे आणि संमतीपत्र नाही.

सहकारातला_माणूस

मग पाच अर्जांचा एका पानाचा तक्ता आधी पाठवा आणि पाचांसाठी मिळून ५ मिनिटं ठेवा. कोणाला एखाद्यावर बोलायचं असेल तर त्याने आदल्या दिवशी तुम्हाला कळवावं, तो अर्ज वेगळा काढा. उरलेल्या दोघांना दहा-दहा मिनिटं. एकूण २५.

सॉफ्टवेअरचा विषय आत्ता काढून टाका. कोटेशनं किती आली आहेत?

मलप्रभाकाठ

एकच. तेही फोनवर सांगितलेला आकडा.

सहकारातला_माणूस

मग त्यावर काय ठरणार? लेखी तीन कोटेशनं आणि जुनी खाती नव्यात कोण उतरवून देणार याचं लेखी उत्तर आलं की पुढच्या महिन्यात ठेवा. कागद तयार नसलेला विषय अजेंड्यावर घेतला की तो वेळही खातो आणि परत येतो.

टिळकवाडी_जुना

म्हणजे माझंच म्हणणं बरोबर. कागदं आधी पाठवा.

काउंटरवरची

दादा, अर्धं बरोबर. मी एका संस्थेत काउंटरला बसते. थकबाकीदारांची नावं आणि रकमा ग्रुपवर टाकू नका. आमच्याकडे अशीच यादी फिरत फिरत त्या माणसाच्या सोयरिकीपर्यंत पोचली होती. यादी कागदावर, प्रत्येक प्रतीला क्रमांक घालून, बंद पाकिटात द्या आणि सभा संपल्यावर परत घ्या.

दुसरं, पाठवलं म्हणजे वाचलं असं नसतं. ऑडिट रिपोर्ट कन्नडमध्ये आहे का? आणि पानं किती?

मलप्रभाकाठ

कन्नडमध्ये, २२ पानं. दोन संचालकांना कन्नड बोलायला येतं, पण वाचायला अडतं. रिपोर्टात १४ आक्षेप आहेत. ९ मी आणि क्लार्कने दुरुस्त केलेत, त्यांचे कागद फाईलला आहेत. ५ ना मंडळाचा निर्णय लागतो.

काउंटरवरची

मग दोनदा का ढकलला गेला ते कळतंच. २२ पानांचं वाचन २० मिनिटांत होत नाही, आणि झालं तरी ऐकून कोणाच्या लक्षात राहणार? त्या ५ आक्षेपांचा दोन पानी मराठी तक्ता करा. आक्षेप काय, मूळ रिपोर्टातलं पान कुठलं, तुमचा प्रस्ताव काय. निदान चार दिवस आधी हातात द्या. दुरुस्त झालेल्या ९ ची फक्त यादी माहितीसाठी. मग २० मिनिटं पुरतात.

वकील_काका

आता विषय समजला. एक धोका सांगतो. मराठी तक्त्यात आक्षेप सौम्य शब्दांत उतरला आणि पुढे प्रश्न निघाला, तर सेक्रेटरीने मंडळाला अंधारात ठेवलं असं म्हणतील. मूळ कन्नड परिच्छेदाची झेरॉक्स प्रत्येक आक्षेपासोबत जोडाच.

काउंटरवरची

मग दोन पानांची दहा होतील, काका, आणि कोणी वाचणार नाही. मूळ रिपोर्ट ऑफिसात बघायला ठेवला आहे असं नोटिशीत लिहिलं तर पुरे.

वकील_काका

मला ते पुरेसं वाटत नाही.

मलप्रभाकाठ

सगळ्यांचं धरून पुन्हा मांडलं:

३.०० जमणे, सह्या (१०)
३.१० इतिवृत्त, फक्त दुरुस्त्या, वाचन नाही (५)
३.१५ थकीत ९ खाती, वरच्या तीन प्रश्नांवर ठराव (३५)
३.५० कर्ज अर्ज, ५ एकत्र आणि २ स्वतंत्र (२५)
४.१५ ऑडिटचे ५ आक्षेप, प्रत्येकी निर्णय (२०)
४.३५ वार्षिक सभा : तारीख, जागा, अहवाल छपाईची जबाबदारी (१०)
४.४५ जूनअखेर जमाखर्च, पत्रक आधी दिलेले (५)
४.५० मोकळी (१०)

सुरुवातीला पाच मिनिटं उशीर झाला तर ती शेवटच्या दहातून जातील. ऐनवेळच्या विषयांची सभेत फक्त नोंद करून ते पुढच्या सभेत घ्यावेत, असा विचार आहे.

सहकारातला_माणूस

मांडणी ठीक आहे. जमाखर्च शेवटी टाकलात, त्यावर एखादा जुना संचालक हरकत घेईल. पत्रकात काही चढउतार असेल तर कारण त्याच कागदावर लिहून द्या. ऐनवेळच्या विषयांचं मात्र पोटनियम आणि अध्यक्ष यांवर आहे, तुम्ही एकट्याने बंद करू नका. आणि वार्षिक सभेला दहा मिनिटं कमी पडतील असं मला वाटतं. जागेवरून आमच्याकडे नेहमी वाद व्हायचा.

टिळकवाडी_जुना

नोटिशीवर मिनिटं छापू नका. वडीलधारे संचालक म्हणतील, आम्हाला घड्याळ लावून बोलायला सांगता काय? वेळा फक्त चेअरमनच्या प्रतीवर ठेवा.

काउंटरवरची

मला उलट वाटतं. सगळ्यांच्या प्रतीवर वेळ असली तर चेअरमनना कोणाला थांबवावं लागत नाही, बाकीचेच आवरतं घ्यायला सांगतात.

मलप्रभाकाठ

उद्या चेअरमन साहेबांना दोन्ही प्रती दाखवतो, वेळांसकट आणि वेळांशिवाय. पाकिटं आणि ऑडिटचा तक्ता बुधवारपर्यंत वाटायचाय, तिघांच्या गावी क्लार्क स्वतः जाणार आहे. कन्नड परिच्छेद जोडायचे की नाही, यावर अजून कोणाचा अनुभव असेल तर बुधवारच्या आत सांगा.