उपासाचा दिवस आणि वजन: साबुदाणा सोडायचा की ताट बदलायचं?

मोगरा: काही महिन्यांपासून वजन कमी करतेय. रोजचं १५०० कॅलरीचं गणित आता छान बसलंय. पण दोन्ही एकादश्या आणि दर गुरुवारी उपास असतो, आणि गुरुवार आमच्याकडे रात्री सोडत नाहीत, दिवसभर फराळच. दुसऱ्या दिवशी सकाळी काटा हमखास वर. साबुदाणा बंद करून नुसती फळं खाल्ली तर चालेल का? उपास सोडायचा नाहीये, ते आधीच सांगते.

सडाफटिंग: बंदच करा. साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च, १०० ग्रॅममध्ये प्रोटीन अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. त्यापेक्षा दिवसभर फळं खा. फळांतली साखर नैसर्गिक असते, तिची चरबी होत नाही. मी जिममध्ये सगळ्यांना हेच सांगतो.

वाटीचमचा: साबुदाण्यात प्रोटीन नाही हे बरोबर. फळांच्या साखरेची चरबी होत नाही हे मात्र चूक. गरजेपेक्षा जास्त पोटात गेलं की ते केळ्यातून गेलं की साखरेतून, हिशेब तोच. फळांचा खरा फायदा वेगळा आहे. पेरू, पपई, डाळिंब यांत पाणी आणि चोथा भरपूर, त्यामुळे कमी कॅलरीत पोट भरतं. पण दिवसभर नुसत्या फळांवर राहिलं की संध्याकाळी सातनंतर भूक खवळते आणि मग डब्यातला बटाट्याचा चिवडा निघतो. आहारतज्ज्ञ म्हणून मी हे सतत पाहते.

मोगरा, तुम्ही उपासाच्या दिवशी काय काय खाता ते चहापासून लिहाल? त्याशिवाय साबुदाण्याला दोष देणं घाईचं होईल.

मोगरा: साखरेचा चहा तीनदा. सकाळी एक केळं. दुपारी ताटभर खिचडी. चारला दाण्याचे दोन लाडू आणि थोडे वेफर्स. संध्याकाळी तीन साबुदाणे वडे दह्याबरोबर. झोपताना साखर घातलेलं कपभर दूध.

वाटीचमचा: आता बघा. ताटभर खिचडीला कोरडा साबुदाणा साधारण ७५ ग्रॅम लागतो, त्याच्या २६५ कॅलरी. दाण्याचं कूट ३० ग्रॅम, म्हणजे १७०. तूप दोन मोठे चमचे, सव्वादोनशेच्या आसपास. अर्धा बटाटा आणि चिमूटभर साखर मिळून साठ-सत्तर. ताट सव्वासातशेवर गेलं, आणि त्यात साबुदाण्याचा वाटा निम्म्याहून बराच कमी. तूप आणि कूट मिळून त्याच्यापेक्षा जास्त आहेत.

त्यात तीन वडे (तळणीमुळे एकेक दीडशेचा), दोन लाडू अडीचशेचे, मूठ-दीड मूठ वेफर्स पावणेतीनशेचे, चहा, केळं, दूध. बेरीज २१००च्या पुढे जाते. तुमच्या १५००वर सहा-सातशे जास्त. आजी म्हणायच्या तसं, एकादशी आणि दुप्पट खाशी. दुप्पट नाही, पण दीडपटीच्या जवळ तर झालंच.

दत्तप्रसाद: मला हे वाचून वाईट वाटलं. एकादशीला तराजू घेऊन बसायचं? उपास वजनासाठी नसतो. मन खाण्यावरून काढायचं म्हणून तो धरायचा, आणि इथे मन आणखीच खाण्यात अडकतंय. सासूबाईंनी प्रेमाने केलेली खिचडी खा, नामस्मरण करा. महिन्यातून दोन दिवसांनी कोणी जाड होत नाही.

वाटीचमचा: नुसत्या दोन एकादश्या असत्या तर मीही म्हटलं असतं, निवांत खा. सातशे जादा कॅलरी दोनदा म्हणजे १४००, चरबीच्या भाषेत २०० ग्रॅमही नाही. पण मोगराचे चार-पाच गुरुवारही आहेत. महिन्याला सहा दिवस धरले तर ४२०० होतात, म्हणजे अर्ध्या किलोच्या वर. महिन्याला दोन किलो कमी होणार असतील तर त्यातलं पाव वजन याच दिवसांत परत येतं. म्हणून तुमचं म्हणणं एकादशीपुरतं मला पटतं, दर गुरुवारी पटत नाही.

आणि मन खाण्यावरून काढायचं असेल तर एकभुक्त राहणं हाही व्रताचाच प्रकार आहे. दिवसभर डबे उघडत राहणं कोणत्या व्रतात बसतं?

दत्तप्रसाद: एकभुक्त मान्य. वेफर्स आणि वडे माझ्याही घरात नकोसे वाटतात. पण ग्रॅम मोजणं मला अजूनही देवाच्या दिवशी रुचत नाही.

मोगरा: मोजायचं असेल तर आदल्या रात्री मोजून भिजवेन, दिवशी काही नाही. पण मग सकाळी काटा जवळजवळ किलोभर वर का दिसतो? एवढी चरबी एका दिवसात?

वाटीचमचा: नाही. सातशे कॅलरीची चरबी ९० ग्रॅमच्या आसपास होते. बाकीचं पाणी आहे. दिवसभर स्टार्च आणि त्यावर मीठ लावलेले वेफर्स, दोन्ही शरीरात पाणी धरून ठेवतात. दोन-तीन दिवसांत ते उतरतं. म्हणून शुक्रवारच्या काट्याकडे बघूच नका. रोज सकाळी एकाच वेळी वजन करा आणि आठवड्याची सरासरी मागच्या आठवड्याशी ताडून पाहा. हेच उलटही लागू आहे. कडक उपास करून दुसऱ्या दिवशी किलोभर उतरलं म्हणून खूश होणाऱ्यांचंही ते पाणीच असतं.

निवृत्त आबा: मी शुगरच्या गोळ्या घेतो, सकाळी ग्लिमेपिराइड. चतुर्थीला फक्त फळं खाऊन राहतो आणि चंद्रोदयाला जेवतो. म्हणजे मीही साबुदाणा टाळावा असं ना?

वाटीचमचा: आबा, तुमचा प्रश्न मोगराच्या प्रश्नाहून वेगळा आहे आणि जास्त तातडीचा आहे. ही गोळी पोटात अन्न असो-नसो साखर खाली आणते. दिवसभर फळांवर राहून ती नेहमीच्याच मात्रेत घेतली तर दुपारी घाम, हात थरथरणं, छातीत धडधड होऊ शकते. तसं झालं तर उपासाचा विचार न करता लगेच साखरपाणी घ्या. आणि पुढच्या चतुर्थीच्या आधी डॉक्टरांना विचारा, उपासाच्या दिवशी गोळी कशी घ्यायची. साबुदाण्याने साखर झटकन वर जाते हे खरं, पण तुमच्या बाबतीत आधी गोळीचं ठरू द्या.

चुलवण: खिचडीत तूप कमी कसं करायचं ते कोणीच सांगत नाही. तूप जास्त लागतं कारण साबुदाणा गोळा होतो, आणि गोळा होतो तो भिजवण्यात चुकल्यामुळे. दोन-तीन पाण्यांत चोळून धुवा, पांढरं पाणी जाऊ द्या. मग पाणी दाण्यांच्या जेमतेम वर ठेवा, बुडवून ठेवू नका. सकाळी दाणा बोटांत दाबला की पूर्ण मोडला पाहिजे, पण हाताला ओलं लागायला नको. ओलं लागलं तर चाळणीत अर्धा तास निथळवा. कूट, मीठ, साखर कढईत नाही, आधीच साबुदाण्याला चोळून ठेवा, म्हणजे दाणे सुटे राहतात. मग चमचाभर तुपात जिरं-मिरची टाकून मंद आचेवर झाकण ठेवा. दाणा पारदर्शक दिसला की लगेच उतरवा. जास्त परतलं की चिकट होतोच.

वाटीचमचा: हे फार कामाचं लिहिलंत. या पद्धतीने मोगरासाठी दुपारचं ताट असं लावते: कोरडा साबुदाणा ४० ग्रॅम, कूट २० ग्रॅम, तूप एक छोटा चमचा, बटाटा नाही. शेजारी गाईच्या दुधाचं मोठी वाटी, म्हणजे २०० ग्रॅम दही आणि काकडीची दाणेकूट न घातलेली कोशिंबीर. सगळं मिळून सव्वाचारशे. खिचडी जवळपास निम्मी, पण दह्यामुळे प्रोटीन आधीपेक्षा जास्त.

साबुदाणा कोरडाच मोजा. भिजल्यावर वजन खूप वाढतं, आणि भिजलेल्या वजनाला कोरड्याचे आकडे लावले की हिशेब फसतो.

सकाळी केळ्याऐवजी पेरू चालेल, केळंही चालेल, पण एकच. चारला लाडू-वेफर्सऐवजी भाजलेले शेंगदाणे एक छोटी मूठ, २५ ग्रॅम, आणि ताक. शेंगदाणे डब्यातून नाही, वाटीत काढून. पौष्टिक आहेत म्हणून येता-जाता खाल्ले जातात आणि आणखी दोन मुठींत तीनशेच्या आसपास कॅलरी सहज जातात. बदाम-काजूंचंही तेच. संध्याकाळी राजगिऱ्याच्या पिठाचं थालीपीठ आणि तुमच्याकडे चालत असेल तर ७०-८० ग्रॅम पनीर. नसेल तर दही बांधून केलेला चक्का, साखर न घालता. झोपताना बिनसाखरेचं दूध. चहा धरून दिवस चौदाशेच्या आत बसतो.

चुलवण: राजगिऱ्याचं थालीपीठ तुटतं. उकडलेला बटाटा थोडा कुस्करून घाला आणि प्लास्टिकवर थापा. संध्याकाळी वरीचा भात आणि दाण्याची आमटी का नको?

मोगरा: आमच्याकडे एकादशीला वरी चालत नाही, धान्य समजतात. गुरुवारी चालते.

दत्तप्रसाद: आमच्याकडे एकादशीलाही चालते. मला तरी ठाम उत्तर माहीत नाही, घराची रीत पाळावी.

वाटीचमचा: चालत असेल तर गुरुवारी वरी साबुदाण्यापेक्षा बरीच बरी, थोडं प्रोटीन आणि चोथा दोन्ही मिळतात. फक्त दाण्याची आमटी हलकी समजू नका, वाटीभर आमटीत कूट किती जातं ते एकदा पाहा.

सडाफटिंग: ठीक आहे, फळांचं मी मागे घेतो. पण मग एक विचारतो, व्हे प्रोटीन चालवून घ्या ना. दुधातूनच येतं, एका स्कूपमध्ये २०-२४ ग्रॅम प्रोटीन, चक्का बांधायची कटकट नाही.

दत्तप्रसाद: डब्यातली पावडर उपासाला? त्यात चव, रंग, सोयाचं लेसिथिन असतं. माझ्या मते नाही.

मोगरा: सासूबाईंना विचारलं तर आधी डबा वाचायला लावतील. चक्काच बांधते. गुरुवारी वड्यांऐवजी थालीपीठ करायचं त्यांनीच सुचवलंय, फक्त तुपाच्या बाबतीत अजून तयार नाहीत.

सडाफटिंग: साध्या, चव नसलेल्या व्हेमध्येही लेसिथिन असतंच असं नाही. ताक चालतं तर ते का नाही, हे मला कोणीतरी नीट समजावून सांगा.