मदत हवी आहे: थर्मामीटर सुडोकूत शक्यता लिहून झाल्या, पुढे काय?

पेन्सिलवाली
नमस्कार मंडळी. साधा सुडोकू गेली बरीच वर्षं सोडवते, थर्मामीटरचा हा दुसराच. नियम कळलाय: बल्बपासून टोकाकडे आकडा प्रत्येक घरात वाढलाच पाहिजे, सारखा चालत नाही. अडलंय ते त्याच्या पुढे.

रकाना 1 मध्ये सहा घरांचं थर्मामीटर आहे. बल्ब ओळ 7 मध्ये, तिथून सरळ वर चढून टोक ओळ 2 मध्ये. सहा घरं म्हणून बल्बात 1 ते 4, त्याच्या वर 2 ते 5, असं करत टोकात 6 ते 9 लिहिलं. प्रत्येक घरात चार-चार आकडे, कागद नुसता काळा झालाय. जवळचे दिलेले आकडे: ओळ 9 रकाना 1 मध्ये 5, ओळ 7 रकाना 3 मध्ये 1, ओळ 2 रकाना 6 मध्ये 9. हे तिन्ही मी ज्या त्या घरातून खोडले. तरी एकही घर लागत नाही. अंदाजाने भरायचं नाहीये मला.

सुमनताई_डोंबिवली
अगं, बल्बात 1 आणि टोकात 9 असतो ना? माझ्या फोनवरच्या कोड्यात तसंच होतं. माझीही एक अडचण आहे, इथेच विचारते. एकाच बल्बातून दोन नळ्या निघाल्यात, एक चार घरांची आणि एक सहा. मग बल्बात कितीपर्यंत लिहायचं?

उभाआडवा
सुमनताई, 1 आणि 9 ठरलेले असतात ते फक्त नऊ घरांच्या थर्मामीटरात. बाकी ठिकाणी 1 आलाच तर बल्बातच येईल आणि 9 आलाच तर टोकातच, पण येईलच असं नाही. तुमच्या दोन नळ्या वेगवेगळ्या मोजा, बल्ब धरून. चारची नळी बल्बाला 6 पर्यंत जाऊ देते, सहाची 4 पर्यंतच. बल्ब एकच, म्हणून 4.

आता पेन्सिलवाली. तू आकडे बरोबर खोडलेस, पण खोडल्याचा धक्का शेजारच्या घरांना दिला नाहीस. मी याला ढील म्हणतो, पतंगाच्या दोऱ्याला देतो तशी. नऊ आकडे आणि सहा घरं, म्हणजे तीन आकड्यांची ढील. बल्बात चार शक्यता दिसतात त्या या ढिलीमुळेच. ती संपली की सगळी साखळी एकदम ताठ होते.

आधी 5 घे. थर्मामीटर अख्खं एकाच रकान्यात आहे आणि त्या रकान्यात 5 खाली बसलाय, म्हणजे सहापैकी एकाही घरात 5 येणार नाही. उरले 1, 2, 3, 4, 6, 7, 8, 9. आठ आकडे, सहा घरं, ढील दोन. खालून वर पुन्हा लिही: 1-2-3, 2-3-4, 3-4-6, 4-6-7, 6-7-8, 7-8-9. तू मधल्या घरांतून नुसता 5 पुसलास, त्यामुळे बल्बात 4 तसाच राहिला. बल्बात 4 धरून बघ. वर पाच घरं भरायला 6, 7, 8, 9 एवढेच चार उरतात.

आता बल्ब. ओळ 7 मध्ये 1 आहे, म्हणून बल्ब किमान 2. इथे थांबू नकोस, बल्बाकडून वर चालत जा. बल्बात 2, तर पुढे किमान 3, मग 4, मग 6, मग 7, टोकात किमान 8. प्रत्येक घराचा सगळ्यात लहान आकडा गेला, ढील एक उरली.

शेवटी टोक. ओळ 2 मध्ये 9 आहे, म्हणून टोकात 9 नाही, 8 च. आता उलटं, टोकाकडून खाली उतर: 8, 7, 6, 4, 3, 2. सहाही घरं लागली. रकान्यात उरले 1 आणि 9. ओळ 7 मधला 1 खालच्या डाव्या चौकटीत आहे, म्हणून ओळ 8 मध्ये 1 चालत नाही. तिथे 9 आणि ओळ 1 मध्ये 1.

2017 साली बंगळुरूला जागतिक सुडोकू स्पर्धा झाली, तेव्हापासून मी थर्मोच्या नादी लागलोय. लहान आकडे बल्बाकडून वर ढकलायचे, मोठे टोकाकडून खाली ढकलायचे, हे दोन फेरे माझे अजूनही प्रत्येक खोडाखोडीनंतर होतात.

पेन्सिलवाली
बापरे, तिन्ही आकडे दोन तास डोळ्यासमोर होते! दादा, खूप खूप आभार. आता दुसरं थर्मामीटर, पाच घरांचं. बल्ब ओळ 5 रकाना 5, मग ओळ 5 रकाना 6, तिथून वर ओळ 4 आणि ओळ 3 (रकाना 6 च), मग वळून टोक ओळ 3 रकाना 7. ओळ 4 रकाना 4 मध्ये 3 दिलेला आहे.

गणूचे_बाबा
हे तर सोपं झालं आता. रकाना 1 मुळे ओळ 5 मध्ये 4 आला, ओळ 4 मध्ये 6, ओळ 3 मध्ये 7. वर तो 3. हे चार काढा, उरले 1, 2, 5, 8, 9. पाच आकडे, पाच घरं, ढील शून्य. भरून टाका.

पेन्सिलवाली
भरलं. जुळलंही. पण पंधरा मिनिटांनी रकाना 7 मध्ये 6 ला जागाच उरली नाही. पुन्हा सगळं पुसलं.

उभाआडवा
गणूचे बाबा, 3 चं तुमचं बरोबर आहे. बल्बापासूनची तीन घरं मधल्या चौकटीतली, तिथे 3 चालत नाही, आणि पुढच्या दोन घरांत इतका लहान आकडा येतच नाही. पण हे थर्मामीटर वळलेलं आहे. ओळ 5 मधला 4 फक्त ओळ 5 मधल्या दोन घरांना अडवतो. तिसरं घर ओळ 4 मध्ये, तिथे 4 खुशाल येईल. तसंच 6 आणि 7 चं. आकडा थर्मामीटरच्या प्रत्येक घरातून बाद झाला तरच ढील कमी होते.

पेन्सिलवाली, म्हणून बल्बाकडून असं लिही: 1-2-5, 2-5-6, 4-5-7, 5-6-8, 6-8-9. तिसऱ्या घरात 3 नाही म्हणून ते 4 पासून सुरू झालं, आणि त्याने पुढची दोन्ही एकेक पायरी वर ढकलली. वरची मर्यादा मात्र जशीच्या तशी राहिली. बल्बात 5 आला तर 6, 7, 8, 9 ओळीने पक्के. याहून जास्त या थर्मामीटरातून आत्ता निघत नाही, बाहेरून एखादा आकडा लागेल.

गणूचे_बाबा
वळण लक्षातच घेतलं नाही, ताई, तुमची पंधरा मिनिटं माझ्यामुळे गेली. पण मग बल्बात 5 घालून पुढे जाऊन बघायला काय हरकत आहे? एकच रस्ता आहे, चुकला तर लगेच कळेल.

उभाआडवा
मी तसं करत नाही, पण चूक म्हणणार नाही. वेगळ्या रंगाने लिहा मात्र.

पेन्सिलवाली
मी आधी रकाना 6 च्या खालच्या तीन घरांत 4 आणि 7 कुठे बसतात ते बघते. तिसऱ्या घराचं तिथेच काहीतरी ठरेल असं वाटतंय. लागलं की इथे लिहिते.

सुमनताई_डोंबिवली
माझ्या बल्बात 4 आला गं! पण आता चार घरांच्या नळीत आणि सहा घरांच्या नळीत दोन्हीकडे 6 दिसतोय, एक ओळ 3 मध्ये आणि एक ओळ 5 मध्ये, रकानेही वेगळे. हे चालतं का?