मदत हवी आहे: बँकेनं काढलेली पॉलिसी रद्द करून पैसे परत पाहिजे

कापूसवाला_आर्णी: बाबा पीककर्जाच्या नूतनीकरणाला गेले तं बँकेतल्या माणसानं सह्या घेऊन पॉलिसी काढून देली. एफडीसारखंच हाय म्हणे. खात्यातून ५०,००० गेले. आता बँक म्हणते, तीन वर्षं भराच लागते. खत उधारीवर आणलं हाय, लवकर सांगा.

गावरान_तूर: पॉलिसी पाहून परत कराची मुदत, म्हंजे फ्री लूक, १५ दिवसांचा असते. उलटले असतीन तं विसरा.

पॉलिसी_वाचणारा: १५ दिवस जुनं झालं. २०२४ पासून ३० दिवस आहेत, तेही पॉलिसी हाती पडल्यापासून. भाऊ, आयुर्विमा की आरोग्य? मिळाली कधी, कशी?

कापूसवाला_आर्णी: आयुर्विमा. कागदावर १२ जून, टपालानं पाकीट आलं २४ जूनला. आज १६ जुलै.

पॉलिसी_वाचणारा: पाकीट जपून ठेवा, त्यावरचा टपालाचा शिक्का कामाचा आहे. आता अर्जाच्या प्रतीत ईमेल कोणता लिहिला ते पाहा. कंपनी म्हणू शकते की पीडीएफ १३ जूनलाच पाठवली, म्हणजे मुदत संपली.

कापूसवाला_आर्णी: ईमेल भलत्याच माणसाचा दिसते! बाबांना ईमेलच नाही.

पॉलिसी_वाचणारा: मग अर्जात हेच लिहा: ईमेल आमचा नाही, पॉलिसी २४ जूनला टपालानं मिळाली, आधी पोचली असेल तर पुरावा द्या. अर्ज बँकेला नाही, विमा कंपनीला द्यायचा. कंपनीच्या शाखेत मूळ पॉलिसी, पासबुकाची प्रत, आधार-पॅनच्या प्रती द्या आणि तुमच्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या. शाखा दूर असेल तर स्पीड पोस्ट करा. २३ जुलैच्या आत पोचलं पाहिजे, शेवटच्या दिवसावर ठेवू नका.

ऑटोडेबिट_बंद: त्यापेक्षा खात्यातली पुढची कपात थांबवा, झालं काम.

पॉलिसी_वाचणारा: त्यानं पुढचा हप्ता थांबते, भरलेले ५०,००० येत नाहीत. कपात थांबवाच, पण अर्जासोबत.

वरुडची_संत्री: आमच्या आरोग्य पॉलिसीचं नूतनीकरण २० दिवसांपूर्वी केलं. आम्हाला मिळन का?

पॉलिसी_वाचणारा: ताई, नूतनीकरणाला फ्री लूक नाही. क्लेम घेतला नसेल तर पॉलिसी मधेच रद्द करून उरलेल्या मुदतीचा हप्ता मागता येते.

गावरान_तूर: पूर्ण ५०,००० तं भेटत नाहीतच.

पॉलिसी_वाचणारा: हे बरोबर. स्टॅम्प ड्युटी, मेडिकल तपासणी झाली असेल तर तिचा खर्च आणि जितके दिवस विमा चालला तितक्या दिवसांच्या जोखमीचा भाग कापतात. युलिप, म्हणजे बाजारात पैसे गुंतवणारी पॉलिसी असेल तर त्या दिवसाच्या एनएव्हीचा, म्हणजे युनिटच्या भावाचा फरकही येते. अर्ज मिळाल्यावर ७ दिवसांत पैसे द्यायचे असतात. आणि कंपनीचा फोन येईल, "दुसरा प्लॅन देतो" म्हणतील. बाबांना सांगून ठेवा, ओटीपी द्यायचा नाही, "हो" म्हणायचं नाही. एकच वाक्य: रद्द करा, पैसे खात्यात टाका.

कापूसवाला_आर्णी: फोन आला ना सकाळीच! बाबा म्हणाले, "विचार करतो." चालते का?

पॉलिसी_वाचणारा: चालते, होकार नाही तो. पण आजच अर्ज लिहा. कंपनीनं नकार दिला तर तो लेखी मागा आणि विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ वर तक्रार टाका. १३ जूनच्या ईमेलचा वाद मग तिथंच.

गावरान_तूर: ईमेल भरला कोणं, तेही विचारा बँकेले.